दरमहा हप्ता की चार्ट बघून खरेदी? दोन्ही करून बघितलं, बिटकॉइन हातात कमीच

येळ्ळूरकर

नमस्कार मंडळी. उद्यमबागेत एका मशिन शॉपमध्ये सीएनसीवर आहे. जानेवारी २०२२ पासून दर महिनाअखेरीला आठ हजारांचं बिटकॉइन घ्यायला सुरुवात केली. विकायचं नाही, मुलगी कॉलेजला जाईपर्यंत हात लावायचा नाही, असं घरात ठरवलं होतं. मे पर्यंत पाच हप्ते गेले. जूनमध्ये भाव वीस हजार डॉलरच्या खाली आला आणि माझा धीर सुटला. हप्ता बंद केला. घेतलेलं विकलं नाही, तेवढं बरं.

नंतर ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी भाव चौतीस हजारांवर दिसला. तेव्हा एका मित्रानं सांगितलं, "आता चढलेल्या भावात घेऊ नकोस, दोनशे आठवड्यांच्या सरासरी रेषेवर परत येऊ दे, मग एकदम घे." मला पटलं. दरमहा आठ हजार बाजूला काढत राहिलो आणि वाट बघत राहिलो. २०२४ अख्खं गेलं, भाव त्या रेषेकडे फिरकलाच नाही.

म्हणजे हप्ता पद्धत मी मोडली आणि चार्ट पद्धतीनं मला बाहेरच ठेवलं. आता पुन्हा सुरू करायचंय. दहा-बारा वर्षं ठेवणाऱ्यानं कुठली धरावी? "तुझ्या मनाला पटेल ते कर" असं कृपया सांगू नका, मनाचं ऐकूनच इथपर्यंत आलोय.

निपाणीकर

भाऊ, मी चार्टवाला आहे, त्यामुळे तसंच बोलणार. तुमच्या मित्रानं रेषा चुकीची दिली. दोनशे आठवड्यांची रेषा म्हणजे तळ शोधायची रेषा. भाव तिथं मार्च २०२० च्या घसरणीत गेला, २०२२ च्या जूनमध्ये तिच्याही खाली गेला. असे प्रसंग चार वर्षांतून एकदा येतात. नेहमीच्या खरेदीसाठी दोनशे दिवसांची रेषा धरा. भाव तिच्या वर बंद झाला की घ्यायचं, खाली असला की पैसे जमवत राहायचं.

२०२२ मध्ये जवळजवळ वर्षभर भाव तिच्या खालीच होता. जानेवारी २०२३ च्या मध्याला वर आला, तेव्हा भाव सुमारे २१,००० डॉलर होता. ज्यानं वर्षभर पैसे जमवून त्या दिवशी घातले तो हप्तेवाल्यापेक्षा पुढे आहे. ज्याला पटत नाही त्यानं आकडे मांडावेत.

टिळकवाडी_अक्का

मांडते. कर सल्लागाराच्या ऑफिसात बावीस वर्षं काढलीत, आकडे मांडल्याशिवाय मला बोलताच येत नाही.

सोपं जावं म्हणून दरमहा १०० डॉलर धरू. २०२२ चे महिनाअखेरचे भाव, हजार डॉलरमध्ये, जानेवारीपासून असे: ३८.५, ४३.२, ४५.५, ३७.६, ३१.८, १९.९, २३.३, २०.०, १९.४, २०.५, १७.२, १६.५. या बारा भावांची साधी सरासरी २७.८ हजार येते. पण हप्तेवाल्याला तो भाव पडत नाही. रक्कम तीच असल्यामुळे स्वस्त महिन्यात त्याला जास्त नग मिळतात, म्हणून त्याचा खरा भाव २४.४ हजारांच्या आसपास पडतो. एक्सेलमध्ये भाव बी रकान्यात टाका आणि हे सूत्र लिहा:

```
=HARMEAN(B2:B13)
```

बाराशे डॉलरमध्ये त्याला मिळाले ०.०४९१ बिटकॉइन. निपाणीकरांच्या नियमानं जानेवारी २०२३ मध्ये २१,००० ला एकदम घेतलं असतं तर ०.०५७१, म्हणजे सोळा टक्के जास्त. निपाणीकर, त्या वर्षापुरतं तुमचं बरोबर आहे, आणि ते मोकळेपणानं मान्य करायला हवं.

येळ्ळूरकर, आता तुमचं. बारा हप्त्यांतून जेवढे नग मिळाले असते त्यांतले चौऱ्याहत्तर टक्के जून ते डिसेंबर या सात हप्त्यांत आहेत. तुम्ही भरलेल्या पाच हप्त्यांचा भाव ३८.७ हजार पडतो. हप्ता पद्धत पडत्या बाजारात जे कमावते ते सगळं तुम्ही थांबलात त्या महिन्यापासून पुढे होतं. त्यामुळे "हप्ता पद्धत चालली नाही" असा निष्कर्ष तुमच्या अनुभवातून काढता येत नाही. तुम्ही तिचा महागडा अर्धा भाग घेतलात आणि स्वस्त अर्धा सोडून दिलात.

येळ्ळूरकर

अक्का, चौऱ्याहत्तर टक्के वाचून जेवण गेलं नाही. खरं सांगतो, जूनमध्ये मला वाटलं होतं की थांबणं हाच शहाणपणा आहे. नोव्हेंबरात एफटीएक्स हे मोठं परदेशी क्रिप्टो एक्सचेंज बुडालं, तेव्हा तर वाटलं की वाचलो.

हुक्केरी_ऊसवाला

मी जरा वेगळं विचारतो. माझं पगाराचं काम नाही. उसाचं बिल येतंय तेव्हा एकदम हातात पैसा, मग सहा-आठ महिने काही नाही. मागच्या हंगामात बिलातले दीड लाख बाजूला काढले आणि दर महिन्याला पंचवीस हजार असे सहा हप्ते करून घेतलो. पोराचं म्हणणं, एकदम घेतला असतास तर बरं झालं असतं. खरं मला एकदम घालायची भीती वाटतीय. मग माझं हे चुकलं काय? आणि दुसरं, कुठलं कॉइन घ्यायचं, बिटकॉइनच का दुसरं पण थोडं?

टिळकवाडी_अक्का

अण्णा, कॉइन कुठलं हा वेगळा धागा होईल, इथं नको. पण तुमचा पहिला प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण लोक दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतात.

येळ्ळूरकरांकडे पैसा महिन्याला येतो आणि आला की लगेच लागतो. त्यांनी वाट बघायचं असं काही ठरवलेलंच नाही. तुमच्याकडे पैसा आधीच आलेला आहे आणि तुम्ही तो मुद्दाम सहा महिने अडवून ठेवताय. म्हणजे तुम्हीही एक प्रकारे वेळ साधताय, फक्त चार्टऐवजी कॅलेंडर बघून. ज्या वस्तूचा भाव लांब पल्ल्यात चढत गेलाय तिच्यात असं अडवून ठेवणारा बहुतेक वेळा मागे पडतो. पण एकदम घातल्यावर महिनाभरात तीस टक्के खाली गेलं आणि तुम्ही घाबरून विकलंत तर नुकसान त्याहून मोठं. तुम्ही सहा हप्त्यांची किंमत मोजून झोप विकत घेतलीत. तसं करायला हरकत नाही, किंमत मोजतोय हे ठाऊक असलं म्हणजे झालं.

आणि सोसायटीचं पीककर्ज फेडल्यावर उरलेलेच दीड लाख होते ना? तसं नसेल तर आधी ते बघा.

हुक्केरी_ऊसवाला

कर्ज फेडून उरलेलंच हाय, अक्का. ते बिनघोर.

टिळकवाडी_अक्का

आता येळ्ळूरकरांचा दुसरा काळ. ऑक्टोबर २०२३ ते डिसेंबर २०२४, पंधरा महिनाअखेरी. भाव ३४.७ हजारांपासून सुरू होतो, फेब्रुवारी २०२४ ला साठच्या वर जातो, ऑगस्टला ५९ वर येतो आणि डिसेंबरला ९३ च्या आसपास संपतो. दरमहा १०० डॉलर घालणाऱ्याला सरासरी भाव पडतो सुमारे ५७ हजार. रेषेची वाट बघणाऱ्याकडे शून्य बिटकॉइन आणि बँकेत दीड हजार डॉलर.

आता यातली खरी मेख. येळ्ळूरकर, तुम्ही थांबायचं ठरवलंत तेव्हा दोनशे आठवड्यांची रेषा २८ हजारांच्या आसपास होती. तुमच्या डोक्यात "२८ ला घ्यायचं" असं बसलं. पण ती रेषा एका जागी उभी नसते. दर आठवड्याला एक जुना स्वस्त आठवडा तिच्यातून गळतो आणि एक नवा महाग आठवडा आत येतो. २०२४ संपताना ती चाळीस हजारांच्या वर होती, २०२५ संपताना पंचावन्न हजारांच्या वर. म्हणजे २०२५ च्या शेवटी भाव खरोखर रेषेवर उतरला असता, तरी दोन वर्षं थांबून तुम्हाला जवळपास तोच भाव मिळाला असता जो हप्तेवाल्याला त्या पंधरा महिन्यांत काहीही न बघता मिळाला. चढत्या रेषेची वाट बघणाऱ्यानं हे गणित आधी करावं: आज रेषा कुठे आहे यापेक्षा भाव तिथं पोचेपर्यंत ती कुठे गेलेली असेल?

निपाणीकर

अक्का, हिशोब चोख आहे. पण डिसेंबर २०२४ लाच का थांबवलात? २०२५ चे हप्ते ऐंशी हजार ते एक लाख पंधरा हजारांत गेलेत. ते धरले तर हप्तेवाल्याची सरासरी वर जाते आणि थांबणारा तितका वेडा दिसत नाही.

टिळकवाडी_अक्का

बरोबर, वर जाते. मी येळ्ळूरकर थांबले तो काळ धरला. कुठून सुरू करायचं आणि कुठे संपवायचं यावर निकाल बदलतो, म्हणूनच एका वर्षाचा चार्ट दाखवून कोणी पद्धत सिद्ध केली की मी सावध होते. तुमचं २०२२ घ्या. तुमचा नियम "रेषेच्या वर बंद झाला की" असा आहे. मार्च २०२२ च्या शेवटी भाव ४८ हजारांच्या आसपास जाऊन त्या रेषेला टेकला होता. कोणी "रेषेला लागला की" असा नियम लिहिला असता, तर तोवरचे जमलेले पैसे वर्षातल्या जवळजवळ सर्वांत महाग भावाला गेले असते. एका शब्दाचा फरक. आणि ऑगस्ट २०२४ अखेर भाव ५९ हजार होता, दोनशे दिवसांच्या रेषेखाली, म्हणून महिनाअखेरीला बघणाऱ्याला तुमच्या नियमानं तो महिना रिकामा. ऑक्टोबरअखेर तो रेषेच्या वर होता, पण तेव्हा ७० हजार.

निपाणीकर

हे मान्य. बाजार आडवा चालतो तेव्हा ती रेषा मला महागात घ्यायला लावते. पण त्याला उपाय आहे. खाली तुटला की विकायचं, वर आला की परत घ्यायचं. मोठी घसरण अंगावर येत नाही. आणि मधल्या काळात पैसे यूएसडीटीमध्ये, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेल्या कॉइनमध्ये ठेवायचे, म्हणजे सिग्नल आला की एका मिनिटात बिटकॉइन.

टिळकवाडी_अक्का

इथं मात्र मी तुम्हाला थांबवते, कारण माझ्या टेबलावर अशी माणसं दर जुलैला येतात.

परदेशी चार्टवाले हा सल्ला देतात तेव्हा त्यांच्या देशाचा कर वेगळा असतो. आपल्याकडे एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरळ तीस टक्के, वर चार टक्के उपकर, म्हणजे ३१.२. तोटा कशातूनच वजा होत नाही आणि पुढच्या वर्षी नेताही येत नाही. समजा वर्षात दोन वेळा रेषा बघून आत-बाहेर केलंत. एकदा चाळीस हजार नफा, एकदा तीस हजार तोटा. खिशात आले दहा हजार. कर मात्र चाळीस हजारांवर, १२,४८० रुपये. बाजारात बरोबर ठरूनही तुम्ही अडीच हजारांनी मागे. आडव्या बाजारात रेषा वरचेवर तुटते, त्यामुळे असे छोटे तोटे होणारच, आणि त्यांतला एकही मोजला जात नाही.

यूएसडीटीचंही तेच. यूएसडीटी देऊन बिटकॉइन घेतलं की कायद्याच्या नजरेत तुम्ही यूएसडीटी विकलं. त्यावर एक टक्का टीडीएस कापला जातो, आणि दरम्यान डॉलर महागला असेल तर त्या फरकावरही कर. टीडीएस विवरणपत्रात परत मागता येतो, पण तोवर पैसा अडकतो आणि दर महिन्याची नोंद ठेवावी लागते. रुपये देऊन थेट बिटकॉइन घेणाऱ्याला घेताना यातलं काही लागत नाही. म्हणून वाट बघायचीच असेल तर रुपयांत, बँकेत बघा.

निपाणीकर

तोटा वजा होत नाही हे माहीत होतं, त्याच वर्षातल्या नफ्यातूनही होत नाही हे माहीत नव्हतं. माझ्या मागच्या दोन वर्षांच्या नोंदी काढून बघाव्या लागतील. विकायचा भाग मागे घेतो. घ्यायच्या वेळेचा भाग मागे घेत नाही.

हलियाळ_रान

मी दर आठवड्याला पाचशेचं घेतो आणि लगेच स्वतःच्या वॉलेटवर काढतो. जुलै २०२४ मध्ये एका भारतीय एक्सचेंजवर चोरी झाली, तेव्हा ओळखीच्या दोघांचे पैसे अडकले. त्यानंतर एक्सचेंजवर ठेवायचं नाही असं ठरवलं. हप्ता आठवड्याचा करा, सरासरी अजून गुळगुळीत होते.

टिळकवाडी_अक्का

काढून घेता हे उत्तम. पण दर आठवड्याला नको. वॉलेटमध्ये आलेली प्रत्येक रक्कम वेगळी नोट म्हणून राहते. पुढे कधी पाठवायची वेळ आली की जितक्या नोटा तितकी फी. साध्या नव्या पत्त्यावरच्या एका नोटेला सुमारे ६८ व्हर्च्युअल बाइट लागतात. सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग. फीचा दर बाइटमागे शंभर सातोशी असला तर एका नोटेमागे ६,८०० सातोशी जातात. तुमच्या पाचशे रुपयांच्या नोटेतला मोठा भाग, भाव चढा असेल तर अख्खी नोटच, त्यात संपेल. एप्रिल २०२४ मध्ये हाल्व्हिंग झालं, म्हणजे नव्या बिटकॉइनचा पुरवठा निम्मा झाला, त्या दिवशी दर त्याहून कितीतरी वर गेला होता. एक्सचेंजवर दोन-तीन महिने साठू द्या, मग एकदा काढा. आणि आजवर जमलेल्या बारक्या नोटा फी अगदी कमी असलेल्या रविवारी स्वतःलाच पाठवून एक करून ठेवा.

आठवड्याच्या आणि महिन्याच्या हप्त्यात दहा वर्षांनी पडणारा फरक इतका किरकोळ असतो की पगाराच्या तारखेला जे जमेल तेच धरावं.

हलियाळ_रान

साठू देणं मला पटत नाही. तीन महिन्यांत काहीही होऊ शकतं. महिन्याला एकदा काढेन, त्याहून जास्त थांबणार नाही. नोटा एक करायचं मात्र करतो, ढीगभर झाल्यात.

येळ्ळूरकर

रविवारी बसून वहीत लिहिलं, तपासा. आठ हजारांतले पाच हजार दर महिन्याच्या आठ तारखेला, भाव न बघता. तीन हजार वेगळ्या बचत खात्यात. निपाणीकरांच्या नियमाच्या उलट, आठवड्याचा भाव दोनशे दिवसांच्या रेषेखाली बंद झाला तर साठलेले सगळे त्या सोमवारी. तीन महिने तसं झालं नाही तर चौथ्या महिन्याच्या आठला तसेच घालायचे. विकायचं नाही.

टिळकवाडी_अक्का

मुदत लिहिलीत हे मला सगळ्यांत आवडलं. २०२३ मध्ये तुमच्या नियमाला मुदत असती तर फेब्रुवारीत भाव साठला पोचायच्या आत तुम्ही आत असता.

फक्त अपेक्षा बेताची ठेवा. वाट बघून ते तीन हजार दहा टक्के स्वस्तात लागले, तर ते आठांतले तीन, म्हणजे एकूण फायदा चार टक्क्यांच्या आसपास. आणि तोही लागला तर. त्यापेक्षा एक पक्की गोष्ट विचारते. तुम्ही ॲपवर कसं घेता? झटपट खरेदीचं बटण, की ऑर्डर बुकात भाव लावून?

येळ्ळूरकर

झटपटचं बटण.

टिळकवाडी_अक्का

एकदा दोन्ही भाव एकाच मिनिटाला शेजारी ठेवून बघा.

येळ्ळूरकर

आत्ता बघितलं. झटपटवर दीड टक्का जास्त आहे, वर फी वेगळी आणि फीवर जीएसटी वेगळा. म्हणजे २०२२ चे पाचही हप्ते मी असेच दिले. आठ हजारामागे एकशेवीस रुपये, दर महिन्याला, आणि मी भांडत बसलो होतो रेषेवरून.

निपाणीकर

ऑर्डर बुकात लावताना भाव विकणाऱ्याच्या भावाच्या जरा खाली ठेवा आणि रात्रीपर्यंत भरला नाही तर बदला, नाहीतर तिथंही वाट बघत बसाल. आणि मुदत तीन महिन्यांची फार कमी आहे. रेषेखाली जायला बाजाराला कधी कधी वर्ष लागतं. सहा करा.

टिळकवाडी_अक्का

सहा केली की तीच जुनी वाट परत. तीन.

निपाणीकर

मग रेषा हवीच कशाला? आठही हजार आठ तारखेला घाला.

टिळकवाडी_अक्का

माझं म्हणणं खरं तर तेच आहे. पण येळ्ळूरकर जूनमध्ये एकदा थांबले होते. भाव पडल्यावर घालायला हातात काही राखून ठेवलेलं असेल तर या वेळी ते पडत्या महिन्यात थांबणार नाहीत, उलट त्या महिन्याची वाट बघतील, असं मला वाटतं. त्या तीन हजारांचं काम तेवढंच.

येळ्ळूरकर

तीनच ठेवतो. आठ तारखेला पहिला हप्ता ऑर्डर बुकातून लावतो आणि किती भावाला भरला ते इथं लिहितो.

हुक्केरी_ऊसवाला

मी पण बटणानंच घेतलो होतो, सहाही वेळा. दीड लाखावर दीड टक्का म्हणजे सव्वादोन हजार. या हंगामाचं बिल अजून जमा व्हायचंय, तोवर ते ऑर्डर बुक पोराकडनं शिकून घेतो.